साडेपाच व्होल्ट

माझा राग लवकर चढतो, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. उतरायला मात्र वेळ घेतो. त्या दिवशीचा तर अजून पुरता उतरलेला नाही. ज्यांच्यावर तो आहे त्यांच्यात मी स्वतःही आहे, त्यामुळे तो कधी उतरेल असं मला वाटतही नाही.

भिवंडीच्या बाहेर, हायवेच्या अलीकडे, आमचं पॉलिटेक्निक आहे. मी तिथे बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. शेवटच्या सहामाहीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. या परीक्षेला दोन परीक्षक असतात, एक कॉलेजातला आणि एक दुसऱ्या गावच्या कॉलेजातून आलेला. कॉलेजातली मी होते. बाहेरचे सर सकाळीच आले, चहा घेतला, आणि प्रयोगांच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून बसले. मुलांनी एकेक चिठ्ठी उचलायची, जो प्रयोग निघेल तो करायचा, कागदावर मांडायचा आणि तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायची. पंचवीसपैकी दहा मिळाले की पास.

वळ गावच्या एका मुलीला ऑप-अ‍ॅम्पचा प्रयोग निघाला. ऑप-अ‍ॅम्प म्हणजे आठ पायांची एक काळी चिप. तिला दोन रेझिस्टर जोडले की ती आलेला छोटा सिग्नल ठरावीक पटीने मोठा करून देते. किती पट, ते त्या दोन रेझिस्टरांच्या प्रमाणावर ठरतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायर, एक रेझिस्टर दहा किलो-ओहमचा, दुसरा शंभरचा, गेन काढा. इन्व्हर्टिंग म्हणजे सिग्नल मोठा तर होतोच, शिवाय उलटा होतो. आत वर गेला की बाहेर खाली. शंभर भागिले दहा म्हणजे दहा, आणि उलटा म्हणून वजा दहा. अर्धा व्होल्ट आत दिला की पाच व्होल्ट उलटे बाहेर. आमच्या कॉलेजात हे उत्तर मुलं झोपेतही सांगतात.

त्या मुलीविषयी आधी सांगते. घरची भातशेती, पण आता शेताच्या तीन अंगांना गोडाऊन उभी राहिलेली. वडप्याला एका मोठ्या गोडाऊनमध्ये सामान वाहून नेणारे पट्टे आणि त्यांचे सेन्सर सांभाळायला एक जागा होती, आणि ती तिला मिळाली होती. पत्र हातात होतं. अट एकच, की निकालात एकही विषय राहिलेला नसावा. एखाद्या विषयात ती अडकली असती तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि जागा काही तिच्यासाठी थांबणार नव्हती. हे तिने मला कधी रडगाणं म्हणून सांगितलं नाही. पत्र दाखवायला आली होती तेव्हा मीच ते वाचलं.

दुपारी गुणांचा तक्ता सहीसाठी माझ्याकडे आला. तिच्या नावापुढे सहा होते.

मी तिचा कागद मागितला. तिने लिहिलं होतं, बाहेर साडेपाच व्होल्ट, सिग्नल सरळ, गेन अकरा. खाली आकृती काढली होती ती नॉन-इन्व्हर्टिंगची, आणि तिच्याखाली एक ओळ होती: पॅनेलवर चित्र इन्व्हर्टिंगचं आहे, पण आतली जोडणी नॉन-इन्व्हर्टिंगची आहे.

"सर, हिला सहा का?" मी विचारलं.

"मॅडम, चिठ्ठी इन्व्हर्टिंगची. हिने काढली नॉन-इन्व्हर्टिंग. रीडिंग चूक, फेज चूक, गेन चूक. तीन जणांना हाच प्रयोग आला होता, याच टेबलावर, याच पॅनेलवर. त्या तिघांचे पाच व्होल्ट उलटे आले. हिचेच साडेपाच सरळ? आणि वर पॅनेललाच चुकीचं ठरवते. असा आत्मविश्वास बरा नव्हे."

आमच्याकडे या प्रयोगाचं पॅनेल, म्हणजे वर आकृती छापलेली आणि आत जोडणी केलेली पेटी, एकच आहे, ही गोष्ट खरी. पण त्यांचं ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. मुलाने असंच लिहिलं असतं तर सर काय म्हणाले असते, हे मला चांगलं माहीत आहे. मी शिकत होते तेव्हा माझ्याही आत्मविश्वासाची अशीच काळजी वाहणारे बरेच जण होते.

"तुम्ही टेबलावर जाऊन पाहिलंत का, सर?"

"पाहायचं काय त्यात?"

"तिने काय पाहिलं ते पाहायचं."

माझा आवाज चढला होता. सर मात्र शांत. त्यांनी गठ्ठ्यातून तिचं जर्नल काढलं. वर्षभराचे प्रयोग लिहिलेली वही, प्रत्येक प्रयोगाखाली शिक्षकाची सही असते. त्यांनी ऑप-अ‍ॅम्पचं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

पानावर साडेपाच व्होल्ट लिहिले होते, सरळ, आणि त्याभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं. शेजारी तारीख घालून लिहिलं होतं, चूक, पुन्हा करा. पुढच्या पानावर पुन्हा साडेपाच, पुन्हा लाल वर्तुळ. तिसऱ्या पानावर पाच व्होल्ट, उलटे, गेन वजा दहा. त्याखाली तपासले असा शिक्का आणि सही.

"अक्षर तुमचंच ना?" सर म्हणाले. "मग चूक कोणाची, ते तुम्हीच आधी ठरवलंय."

मला ती पानं आठवतही नव्हती. सहामाहीच्या शेवटी शंभर-सव्वाशे जर्नलं टेबलावर येतात. मी आकडे बघते, जुळले की सही, नाही जुळले की वर्तुळ. त्या मुलीने दोनदा प्रयोग करून दोनदा तोच आकडा आणला होता, आणि मी खुर्चीतून न उठता दोनदा तिला खोटं ठरवलं होतं. तिसऱ्यांदा तिने माझ्या मनासारखं लिहिलं आणि सही घेऊन गेली. खोटं लिहायला तिला मी शिकवलं होतं. परीक्षेच्या दिवशी मात्र तिने दिसलं तेच लिहिलं, आणि त्याचे तिला सहा मिळाले.

"चला, टेबलावर," मी म्हटलं.

तेवढ्यात विभागप्रमुख दारात आले. बाहेरून आलेल्या परीक्षकांना जेवायला नेण्याची आमच्याकडे मोठी लगबग असते. मुलं पास झाली की नापास याची कोणी चौकशी करत नाही, पण पाहुण्यांच्या पुऱ्या गार होता कामा नयेत. "सर, पानं वाढलीत," ते म्हणाले. मी म्हटलं, वाढलेली राहू देत, पाच मिनिटांचं काम आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि निमूट आमच्या मागून आले.

प्रयोगशाळेचे मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणतात, टेबलं पुसत होते. कामतघरला राहणारे, निवृत्तीला आलेले, चांगला माणूस. मी पॅनेलला वीज द्यायला सांगितली, अर्धा व्होल्ट आत सोडला आणि सीआरओच्या पडद्यासमोर उभी राहिले. सीआरओवर दोन लाटा दिसतात, वर आत जाणारी, खाली बाहेर येणारी.

खालची लाट उलटी होती. मी चौकटी मोजल्या. पाच व्होल्ट.

मला सरांचा आणखीच संताप आला. क्षणभर त्या मुलीचाही आला. आपण हिच्यासाठी सगळ्यांदेखत भांडतोय आणि ही खरंच चुकली की काय, असं मनात आलं. असं मनात आलं हेही मी लपवणार नाही.

"तिला बोलवा," मी मामांना म्हटलं.

ती बाहेर पायऱ्यांवर बसली होती. आत आली, पडद्याकडे एकदा बघितलं.

"मॅडम, हा बटन दाबलेला हाय," ती म्हणाली.

सीआरओवर खालच्या लाटेच्या बाजूला एक छोटं बटण असतं. ते दाबलं की लाट पडद्यावर उलटी दिसते. खरी लाट उलटत नाही, फक्त चित्र उलटतं. त्या बटणावर पिवळी पडलेली चिकटपट्टी लावलेली होती आणि पट्टीवर पेनाने लिहिलेलं होतं, हात लावू नये. मी त्या सीआरओसमोर किती वेळा उभी राहिले असेन. ती पट्टी मला भिंतीवरच्या पालीसारखी सवयीची झाली होती.

तिने पट्टीची कड उचलली आणि बटण सोडलं. खालची लाट सरळ झाली. मग मोठ्या बटणाच्या पोटातला बारीक खटका तिने टक् असा आवाज येईपर्यंत फिरवला. तो खटका जागेवर नसला की लाट खरी असते त्यापेक्षा लहान दिसते. आता चौकटी वाढल्या. साडेपाच व्होल्ट.

"मग सकाळी असं का नाही दाखवलंस?" सर म्हणाले.

"दाखवायला मी तुम्हाला बोलावलं होतं, सर. तुम्ही म्हणाला, कागद दे. आणि झाल्यावर मी परत होतं तसं करून ठेवलं. मामांनी सांगितलंय, जसं होतं तसं ठेवायचं."

सगळे मामांकडे वळले. मामांनी फडकं खांद्यावर टाकलं.

"मीच केलं," ते म्हणाले. "पॅनल एकदा रिपेरला गेलं होतं ना, आल्यावर वेव्ह सरळ यायला लागली. पोरं बोंब मारायची, मामा, उत्तर नाही येत. मॅडम, तुम्ही पण आलेल्या. बोललात, मामा, वेव्ह उलटी दिसली पाहिजे, बघा जरा. मग मी बघितलं."

मामांनी बघितलं होतं. त्यांनी माझं काम अगदी चोख केलं होतं. वेव्ह उलटी दिसली पाहिजे, एवढंच मी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती उलटी दिसत होती. खटका जरा मागे फिरवून त्यांनी आकडाही जुळवून दिला होता. आणि मी नेमाने सह्या करत होते.

विभागप्रमुख म्हणाले, "ठीक आहे, आता कळलं ना. हिला चार-पाच ग्रेस देऊन टाका, पास होईल. विषय इथेच मिटवू. सर, जेवण."

त्यावर मी काय बोलले ते नीट आठवत नाही, पण पुऱ्यांचा उल्लेख नक्की केला. ग्रेस कसले? चूक मुलीची नव्हती. कृपा करायची तर तिने आमच्यावर करायची. तिने बरोबर लिहिलेल्या उत्तरावर आम्ही उपकार म्हणून गुण टाकायचे, आणि तिने आयुष्यभर असं समजायचं की मॅडमनी आपल्याला वर ढकललं.

सरांविषयी एक चांगलं बोलायलाच हवं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग एक स्टूल ओढून बसले.

"बरं. समजा लाट सरळ आहे," ते तिला म्हणाले. "पण गेन अकराच कसा? रेझिस्टर तर दहा आणि शंभर. भागाकार दहा. हा वरचा एक कुठून आला? पाठ केलेलं सूत्र नको सांगू."

ती पुढे आली. मग टेबलावर बोटाने रेघ ओढत बोलू लागली.

"सर, या चिपला दोन तोंडं हायत, प्लस आणि मायनस. चिप काय करते, आउटपुट असं हलवते की दोन्ही तोंडं एका लेव्हलला राहतील. तोंडात करंट मात्र जात न्हाय. आता चित्रात जसं हाय, तसं प्लस ग्राउंडला असेल तर मायनस पन झिरोवरच राहील. अर्धा व्होल्ट दहा किलोतून येतो, तो सगळा करंट पुढे शंभरमधूनच जाणार, दुसरी वाट न्हाय. तेवढाच करंट, दहापट रेझिस्टर, म्हणजे पाच व्होल्ट, आणि झिरोच्या खाली. म्हणून वजा दहा."

"आणि तुझं?"

"माझ्यात सिग्नल प्लसला येतोय. म्हणजे मायनसला पन अर्धा व्होल्टच असणार. तिथून दहा किलो ग्राउंडला जातो, त्याच्यावर अर्धा. तोच करंट शंभरमधून येतो, म्हणून त्याच्यावर पाच. आउटपुट ग्राउंडपासून मोजायचा, तर खालचा अर्धा आणि वरचे पाच. साडेपाच. तो वरचा एक म्हणजे हा खालचा अर्धा, सर. आणि सगळं वरच्याच बाजूला, म्हणून सरळ."

ती पुढे म्हणाली, "नुसती लाट सरळ असती तर मी बोलले असते, सीआरओच खराब हाय. नुसता अकरा असता तर बोलले असते, रेझिस्टर जरा इकडंतिकडं असेल. पन दोन्ही एकदम आलं. सरळ आणि अकरा. मग दुसरं काही असूच शकत न्हाय."

मी हे प्रकरण इतकी वर्षं शिकवते. दोन सूत्रं फळ्यावर लिहिते, त्यांच्याभोवती चौकट काढते, आणि म्हणते, परीक्षेला येतंच. आकडा आणि दिशा या दोघांची साक्ष एकत्र धरून आतली जोडणी ओळखता येते, हे मी एकदाही बोलले नव्हते. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असून कधी वापरलं नाही, तर ते माहीत असण्याला काय अर्थ आहे?

मामांनी पॅनेलचे चार स्क्रू काढले. आत इनपुटच्या खुंटीची तार सरळ चिपच्या प्लस पायाला गेलेली होती आणि दहा किलोचं टोक ग्राउंडला. दुरुस्त करणाऱ्याने दोन तारांची अदलाबदल केली होती, बस. मामांनी कुणी न सांगता तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. मुलीने दोन्ही तारा सोडवून योग्य जागी लावल्या. बटण सुटलेलं, खटका जागेवर. पडद्यावर लाट उलटली, आणि चौकटी भरल्या बरोबर पाच. चिप तीच, रेझिस्टर तेच दोन. फक्त सिग्नल कुठून आत शिरतो, एवढंच बदललं होतं.

"आता तुमच्या चिठ्ठीचं उत्तर," ती सरांना म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, नुसती माहिती होती.

सरांनी सहा खोडून एकवीस लिहिले, शेजारी सही केली आणि तक्ता माझ्याकडे सरकवला. मीही सही केली. मग त्यांनी त्या तिघांचे कागद काढले. त्यांचं काय करायचं, असं विचारलं. मी म्हटलं, पडद्यावर जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, त्यांचे गुण कापायचे असतील तर आधी माझा पगार कापा. त्यांनी कागद परत ठेवले.

इथे संपायला हरकत नव्हती. पण विभागप्रमुखांचं लक्ष जर्नलवर होतं. सर हात धुवायला गेले तसे ते खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, या वह्या वर तपासणीला जातात. पानावर चूक म्हणून तुमचं वर्तुळ, आणि तक्त्यात त्याच उत्तराला एकवीस. प्रश्न येतील. असं करा, ती वर्तुळं खोडा, तिथे बरोबर लिहा, आणि तारीख जुनीच राहू द्या. तेव्हाच तपासल्यासारखं दिसेल."

आमच्याकडे हे सर्रास चालतं. सहामाही संपल्यावर सह्या होतात आणि तारखा मागच्या पडतात. मी स्वतः हे कितीदा केलं, त्याची गणती नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तिडीक गेली. पॅनेल खोटं, सीआरओ खोटा, माझी सही खोटी, आणि आता सगळं उघडं पडल्यावर ते झाकायलाही परत माझीच सही. मी त्यांना फाडफाड बोलायला तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं की लाल पेन मी केव्हाच हातात घेतलेलं होतं. टोपणही काढलेलं होतं. वर्तुळावर काट मारून झाली होती, बरोबर हा शब्दही लिहून झाला होता, आणि पेन त्या जुन्या तारखेशी येऊन थांबलं होतं. तारीख तशीच राहू द्यायची तर मला आता फक्त पेन उचलायचं होतं.

मुलगी बाजूलाच उभी होती, वही परत घ्यायला. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"मॅडम, तारीख आजची टाका," ती म्हणाली. "त्या तारखेला तुम्ही चूकच म्हणाला होतात."

मी जुनी तारीख खोडली आणि आजची टाकली.